फलकावर हुद्दा चुकतोय? छापायच्या आधी या क्रमाने तपासा

जुलै उजाडला की आमच्याकडे एकच दुखणं परत परत येतं. कारगिल विजय दिन, स्वातंत्र्य दिन, शाळेतला सत्कार, माजी सैनिकांचा मेळावा. मजकूर व्हॉट्सॲपवर येतो, फलक तासाभरात हवा असतो आणि पाहुण्यांच्या नावाआधीचा हुद्दा गडबडलेला असतो. मी साताऱ्यात डीटीपी आणि मुद्रितशोधन करतो. या जिल्ह्यात फौजी आणि पोलीस घरोघरी, त्यामुळे ही दुरुस्ती पाचवीला पुजलेली. तपासण्या सोप्यापासून अवघडाकडे लावल्या आहेत. बहुतेक फलक पहिल्या तीनमध्येच सुटतात, पुढच्यांना फोन आणि कागदपत्रं लागतात.

लक्षणं

एकच पाहुणा पत्रिकेत ‘ले. कर्नल’, फलकावर ‘कर्नल’ आणि सन्मानचिन्हावर ‘निवृत्त कर्नल’ असतो. यादीत दोन ‘कॅप्टन’ असतात, एक पंचविशीतला, एक पंचेचाळिशीतला, आणि आयोजकाला कुणाला आधी बसवायचं ते कळत नाही. पोलीस पाहुण्याच्या नावाआधी ‘सह.’ लिहिलेलं असतं आणि ते ‘सहाय्यक’ की ‘सह’ हे कुणालाच ठाऊक नसतं. गावातले तीन माजी सैनिक असतील तर तिघेही ‘मेजर’ असतात. कुणाच्या नावाआधी ‘मा. श्री. डॉ. कॅप्टन’ अशी चार डब्यांची गाडी लागलेली असते.

पाहुणे मंचावर काही बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओळखीच्या कुणाचा तरी आयोजकाला फोन येतो आणि आयोजकाचा आम्हाला.

पहिली तपासणी: पाहुण्याने स्वतः लिहिलेलं मागवा

याला खर्च शून्य आणि निम्मी दुखणी इथेच बरी होतात. व्हिजिटिंग कार्डाचा फोटो, घराच्या पाटीचा फोटो किंवा पाहुण्याने स्वतः टाइप केलेली एक ओळ. आयोजकाने ‘मला माहीत आहे’ म्हटलं तरी मागवाच.

कारण असं की आयोजकाला जे माहीत असतं ते कानावर पडलेलं असतं, आणि सैन्यात हाक मारायची रीत आणि लिहायची रीत वेगळी आहे. लेफ्टनंट कर्नलला बोलताना ‘कर्नल’ म्हणतात. मेजर जनरल आणि लेफ्टनंट जनरल या दोघांनाही ‘जनरल’ म्हणतात. नौदलात लेफ्टनंट कमांडरला ‘कमांडर’ आणि रिअर ॲडमिरलला ‘ॲडमिरल’ म्हणतात. बोलताना यात चूक काहीच नाही. लिहिताना मात्र हुद्दा पूर्ण लागतो. आयोजक फोनवर ‘कर्नलसाहेब’ ऐकतो आणि फलकावर ‘कर्नल’ लिहून देतो, म्हणजे लेफ्टनंट कर्नलला परस्पर एक बढती. पाहुण्याला ती नको असते. समोर त्याच्याच बॅचचा खराखुरा कर्नल बसलेला असेल तर विचारायलाच नको.

यातून एक झटपट खूण मिळते. मजकुरात नुसतं ‘जनरल’ दिसलं तर ते जवळपास नक्की चुकलेलं असतं. सेवेत असताना पूर्ण ‘जनरल’ हा हुद्दा लष्करप्रमुखाचा, आणि संरक्षण दलप्रमुख लष्करातले असतील तर त्यांचा. तालुक्याच्या कार्यक्रमाला आलेले ‘जनरल’ हे मेजर जनरल किंवा लेफ्टनंट जनरल निघतात.

‘मेजर’ची गोष्ट आणखी वेगळी. आपल्या भागात सुट्टीवर आलेल्या कुठल्याही फौजीला ‘मेजर’ म्हणायची पद्धत आहे. कंपनीत हवालदार मेजर अशी नेमणूक असते, ती तिथल्या एका अनुभवी हवालदाराकडे असते. अधिकाऱ्यांमधला मेजर मात्र कॅप्टनच्या वरचा. गावात ‘मेजर’ ऐकलं की मी आधी विचारतो, ‘अधिकारी म्हणून भरती झाले होते का जवान म्हणून?’ प्रश्न थोडा आडदांड वाटतो, पण फौजी माणसाला त्याचं काही वाटत नाही. तो लगेच खरं सांगतो: ‘हवालदार म्हणून निवृत्त झालो.’

दुसरी तपासणी: हुद्द्याच्या आजूबाजूचं गवत काढा

हुद्दा आला की ‘श्री.’ जातो. ‘श्री. कर्नल जाधव’ किंवा ‘श्रीमती मेजर शिंदे’ लिहीत नाहीत, कारण त्या जागेवर हुद्दा बसलेला आहे. ‘महिला कॅप्टन’ही नाही, हुद्दा स्त्री-पुरुष दोघांनाही तोच. ‘साहेब’ हे बोलण्यात राहू द्या. ‘मा.’ ठेवायचा आयोजकाचा आग्रह असेल तर मी भांडत नाही, पण सगळ्या नावांना ‘मा.’ असेल तरच. एकाला आहे आणि एकाला नाही, असं करू नका.

डॉक्टर असलेल्या लष्करी अधिकाऱ्यांचं काय? हुद्दा आधी, मग डॉक्टर: ‘लेफ्टनंट कर्नल डॉ. जाधव’. उलट क्रम कानाला बरा वाटतो, पण सैन्यात हुद्दाच पुढे असतो.

पदकं नावामागे जातात. ‘विशिष्ट सेवा पदक कर्नल जाधव’ असं होत नाही. ‘कर्नल जाधव, विशिष्ट सेवा पदक’ असं होतं. मराठी फलकावर पदकाचं नाव पूर्ण लिहा. इंग्रजी कार्डावर `SM` असेल तर जास्तच सांभाळा. नावामागे असेल तर ते सेना पदक असतं, पण नावाआधी कुणी `SM` लिहिलं असेल तर त्याला सुभेदार मेजर म्हणायचं असतं. टाइप करणाऱ्या मुलाने ते उचलून नावामागे नेलं की एका जेसीओला, म्हणजे जवान आणि अधिकारी यांच्या मधल्या सुभेदारांच्या फळीतल्या माणसाला, फुकटचं पदक मिळतं.

पद्म पुरस्कारांचा नियम याच्या उलट्या दिशेने कडक आहे. राज्यघटनेच्या अठराव्या कलमाने सरकारी किताब बंद केले आणि त्यातून लष्करी व शैक्षणिक सन्मान तेवढे वगळले. म्हणून ‘मेजर’ नावाआधी लावता येतं. ‘पद्मश्री’ नावाच्या आधी किंवा नंतर जोडू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने पद्म पुरस्कारांच्या खटल्यात सांगितलं आहे. निवेदकाने परिचयात सांगायला हरकत नाही, नावाला चिकटवायला आहे.

तिसरी तपासणी: प्रत्येक संक्षेप उघडून पाहा

सगळ्यात जास्त बिघाड या जागी होतात. इंग्रजीत सैन्याचे संक्षेप ठरलेले आहेत आणि ते पूर्णविरामाशिवाय लिहितात. मराठीत तसा पक्का ठरलेला संच नाही. प्रत्येक जण आपापला बनवतो, आणि तो आधीच दुसऱ्या कुणाचा तरी असतो.

‘मे. जाधव’ वाचून मराठी माणसाच्या डोळ्यासमोर दुकान येतं, कारण ‘मे.’ म्हणजे मेसर्स. ‘ना. पवार’ म्हणजे नामदार पवार, म्हणजे मंत्री. तुम्हाला मात्र नाईक पवार म्हणायचे असतात. ‘ले.’ म्हणजे लेफ्टनंट की पुस्तकावरचा लेखक? ‘ले. ज.’ आणि ‘ले. क.’ मध्ये एका अक्षराचा फरक आणि हुद्द्यांच्या चार पायऱ्यांचं अंतर. त्यात ‘नि.’ हा दुतोंडी: ‘पो. नि.’मध्ये तो निरीक्षक आणि ‘कर्नल जाधव (नि.)’मध्ये निवृत्त.

म्हणून माझा नियम सरळ आहे. मराठी फलकावर सैन्याचा हुद्दा पूर्ण लिहायचा. ‘कॅप्टन’, ‘मेजर’, ‘ब्रिगेडियर’ तसेही छोटे आहेत. जागा कमी पडत असेल तर अक्षराचा आकार कमी करा किंवा दोन ओळी करा. ‘लेफ्टनंट कर्नल’ लांब आहे म्हणून ‘ले. कर्नल’ केलं तर निदान कर्नल तरी पूर्ण ठेवा.

उलटी चूक इंग्रजी कार्डावरून मराठी करताना होते. `Nb Sub` म्हणजे नायब सुभेदार. त्याचा ‘नंबर सब’ झालेला मी दुरुस्त केला आहे. `Sub Maj` चा ‘सब मेजर’ होतो, तो सुभेदार मेजर असतो. नौदलात `Cdr` म्हणजे कमांडर आणि `Cmde` म्हणजे कमोडोर. मधे कॅप्टन हा एक हुद्दा येतो, म्हणजे अदलाबदल झाली तर दोन पायऱ्यांची चूक. हवाई दलाचे `Wg Cdr` विंग कमांडर आणि `Gp Capt` ग्रुप कॅप्टन.

तसंच हिंदीतून आलेल्या मजकुराकडे लक्ष असू द्या. मराठीत लेफ्टनंट, सुभेदार, हवालदार, नाईक. हिंदी मजकुरात लेफ्टिनेंट, सूबेदार, हवलदार, नायक असतं आणि ते जसंच्या तसं चिकटवलं जातं. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना ‘ॲडमिरल’मधला ‘ॲ’ हमखास तुटतो, तो शेवटच्या प्रुफात डोळ्यांनी बघा.

जाता जाता, आपल्याकडे नाईक, सुभेदार आणि हवालदार ही आडनावंही आहेत. ‘सुभेदार सुभेदार’ असं लिहायची वेळ आली तर पहिलं नाव मधे घाला आणि मोकळे व्हा.

चौथी तपासणी: दल कोणतं ते विचारा

इथून पुढे फोन करावा लागतो. प्रश्न एकच: लष्कर, नौदल की हवाई दल?

कारण ‘कॅप्टन’. लष्करातला कॅप्टन हा तरुण अधिकारी. नौदलातला कॅप्टन लष्करातल्या कर्नलच्या बरोबरीचा, म्हणजे लष्करी कॅप्टनपेक्षा तीन पायऱ्या वर. हवाई दलात त्याच्या तोलाचा ग्रुप कॅप्टन. लष्करी कॅप्टनच्या तोलाचा अधिकारी नौदलात नुसता लेफ्टनंट असतो आणि हवाई दलात फ्लाइट लेफ्टनंट. म्हणजे ‘लेफ्टनंट’लाही हाच आजार: लष्करात तो सगळ्यात खालचा अधिकारी, नौदलात त्याच्याही खाली सब लेफ्टनंट असतो.

उपाय स्वस्त आहे. नौदलाच्या माणसाच्या नावापुढे दलाचं नाव लिहा: ‘कॅप्टन शिंदे, भारतीय नौदल’. हवाई दलाचे बहुतेक हुद्दे स्वतःच ओळख देतात, त्यांना गरज पडत नाही.

याच फोनवर आणखी एक गोष्ट विचारून घ्या. मालवाहू जहाजाचा मास्टर आणि विमान कंपनीचा वैमानिक यांनाही ‘कॅप्टन’ म्हणतात, आणि मुंबई-कोकणात असे पुष्कळ. ते त्यांच्या व्यवसायातलं रास्त बिरुद आहे, पण सैनिकी मेळाव्याच्या फलकावर खुलासा नसेल तर लोक चुकीचं वाचतात. कॉलेजातल्या एनसीसी अधिकारी-प्राध्यापकांनाही लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर असे हुद्दे मिळतात. तिथे ‘कॅप्टन डॉ. मोरे, एनसीसी अधिकारी’ असं लिहिलं की कुणाचाच प्रश्न उरत नाही.

पाचवी तपासणी: ‘निवृत्त’ कुठे बसलाय?

‘निवृत्त कर्नल जाधव’, ‘कर्नल (निवृत्त) जाधव’, ‘माजी कर्नल जाधव’ आणि ‘कर्नल जाधव (निवृत्त)’. चारही आमच्याकडे येतात. सैन्यात चौथं योग्य धरतात. त्यामागचं त्यांचं म्हणणं असं की निवृत्त माणूस होतो, हुद्दा होत नाही. म्हणून ‘निवृत्त’ हे हुद्द्याला नाही, पूर्ण नावाला लागतं आणि सगळ्यात शेवटी येतं. पदकं असतील तर ती आधी, कंस शेवटी. इंग्रजी पाटीवर ते असं दिसतं:

```
Lt Col A B Jadhav, VSM (Retd)
```

आणि मराठीत ‘लेफ्टनंट कर्नल अ. ब. जाधव, विशिष्ट सेवा पदक (निवृत्त)’. ‘माजी’ मात्र हुद्द्याला लावूच नका. ‘माजी सैनिक’ ठीक, ‘माजी लष्करप्रमुख’ही ठीक, कारण लष्करप्रमुख ही नेमणूक आहे आणि ती सुटते.

फील्ड मार्शल आणि हवाई दलाचे मार्शल या पंचतारांकित हुद्द्यांना ‘निवृत्त’ कधीच लागत नाही, ते आयुष्यभर सेवेत मानले जातात. भारतात असे तिघेच झाले: माणेकशा, करिअप्पा आणि अर्जन सिंग. त्यांच्यावर लेख छापताना ही चूक सर्रास दिसते.

जुन्या घटनेबद्दल लिहिताना हुद्दा कोणत्या काळचा हा वेगळा प्रश्न येतो. परमवीर चक्र मिळवणारे राणे एप्रिल 1948 मध्ये नौशेरा-राजौरी भागात लढले तेव्हा सेकंड लेफ्टनंट होते. आपण त्यांना मेजर रामा राघोबा राणे म्हणून ओळखतो कारण ते मेजर म्हणून निवृत्त झाले. अरुणकुमार वैद्य 1965 च्या लढाईत लेफ्टनंट कर्नल होते, पुढे लष्करप्रमुख झाले. फलकावर शेवटचा हुद्दा लिहा. प्रसंगाच्या वर्णनात ‘तेव्हाचे लेफ्टनंट कर्नल वैद्य’ असं लिहा. दोन्ही मिसळले की 1948 मध्ये मेजर आणि 1965 मध्ये जनरल रणांगणावर उतरतात.

सहावी तपासणी: ‘मानद’ गळालंय का?

ही तपासणी अवघड, कारण विचारताना माणूस दुखावू शकतो. जेसीओंना सेवेच्या अखेरीला मानद लेफ्टनंट किंवा मानद कॅप्टन हा हुद्दा दिला जातो. या याद्या प्रजासत्ताक दिनी आणि स्वातंत्र्य दिनी निघतात. हवालदाराला निवृत्त होताना मानद नायब सुभेदार मिळू शकतं. गावात ‘ऑनररी कॅप्टन’ म्हणतात ते हेच. हा मोठा मान आहे आणि तो एकेक पायरी चढून आलेला आहे, म्हणून ‘मानद’ गाळू नका. गाळलं तर तो माणूस अधिकारी म्हणून भरती झाल्यासारखं वाचलं जातं आणि त्याच्या तीस वर्षांच्या चढणीची खूण पुसली जाते. ‘मानद कॅप्टन पवार (निवृत्त)’ हे पूर्ण आणि बरोबर आहे.

नागरिकांना मिळालेले मानद हुद्दे वेगळे. सचिन तेंडुलकरला 2010 मध्ये हवाई दलाने मानद ग्रुप कॅप्टन केलं, धोनीला 2011 मध्ये प्रादेशिक सेनेत मानद लेफ्टनंट कर्नल केलं. क्रिकेटच्या बातमीत तो हुद्दा नावाआधी लावायची गरज नाही. त्या दलाच्या कार्यक्रमात लावलात तर ‘मानद’सकट लावा.

शंका आली तर डिस्चार्ज बुक किंवा पेन्शनचा पीपीओ बघायला मागा. त्यावर शेवटचा हुद्दा असतो. घरातल्या माणसाकडून मागवला तर बरं पडतं: ‘काका, पाटीवर अगदी बरोबर यावं म्हणून’ एवढं पुरतं.

सातवी तपासणी: पोलिसांत हुद्दा आणि पद वेगळे करा

पोलिसांचा गुंता वेगळ्या जातीचा आहे. सैन्यात हुद्दा माणसाबरोबर चालतो. पोलिसांत आपण नावाबरोबर लिहितो ते बहुतेक वेळा पद असतं, आणि बदली झाली की ते खुर्चीपाशीच राहतं. ‘उपविभागीय पोलीस अधिकारी’ हे पद आहे, त्यावरचा अधिकारी हुद्द्याने पोलीस उपअधीक्षक असू शकतो. म्हणून औपचारिक मजकुरात नाव आधी, पद नंतर, त्याखाली ठाणं किंवा विभाग. बातमीत ‘पोलीस निरीक्षक जाधव’ चालतं. निवृत्तांसाठी ‘जाधव, सेवानिवृत्त पोलीस निरीक्षक’. इथे ‘निवृत्त’ पदाला लागला तरी चालतो, कारण पद खरंच मागे राहिलेलं असतं. ‘भा. पो. से.’ हे सेवेचं नाव, ते नावामागे. त्यातून हुद्दा कळत नाही.

पोलिसांचे मराठी संक्षेप मात्र रुळलेले आहेत आणि ठाण्यात रोज वापरले जातात, त्यामुळे ते टाळायचं कारण नाही. फक्त नीट वाचा. ‘पोनि’ निरीक्षक, ‘सपोनि’ सहाय्यक पोलीस निरीक्षक, ‘पोउपनि’ उपनिरीक्षक, ‘सपोउपनि’ सहाय्यक पोलीस उपनिरीक्षक. ‘सपोनि’ आणि ‘सपोउपनि’ या दोघांत पोउपनि बसतो, म्हणजे एक ‘उप’ गळाला की माणूस दोन पायऱ्या वर. इंग्रजीतून येताना `API` आणि `ASI` यांची गल्लत इथेच होते. सपोनि हे पद बऱ्याच राज्यांत नाही, म्हणून बाहेरून आलेल्या मजकुरात ‘सहाय्यक निरीक्षक’ दिसलं तर मूळ `ASI` आहे का ते बघा.

सगळ्यात खतरनाक संक्षेप ‘सह.’ आयुक्तालयात खालून वर असा क्रम आहे: सहाय्यक पोलीस आयुक्त, पोलीस उपायुक्त, अपर पोलीस आयुक्त, सह पोलीस आयुक्त, पोलीस आयुक्त. ‘सह. पोलीस आयुक्त’ लिहिलं की तो शिडीच्या तळाचाही असू शकतो आणि आयुक्तांच्या लगतचाही. म्हणून ‘सहाय्यक’चा ‘सह.’ कधीही करू नका. ‘सह’ला तोडायला काही नाहीच, त्यापुढे टिंब आलं की समजा गडबड आहे. ‘अपर’चंही तसंच. बोलताना ‘ॲडिशनल’ म्हणतात, काही जण ‘अतिरिक्त’ लिहितात. सरकारी मजकुरात ‘अपर’ असतं. जिल्ह्यात ‘एएसपी’ ऐकलं तर अपर पोलीस अधीक्षक की सहाय्यक पोलीस अधीक्षक हे विचारल्याशिवाय लिहू नका.

‘हवालदार’ दोन्हीकडे असतो, म्हणून पोलिसांचा असेल तेव्हा ‘पोलीस हवालदार’.

एक फलक सुरुवातीपासून शेवटपर्यंत

कारगिल विजय दिनाच्या एका फलकाचा मजकूर असा आला होता. आडनावं बदलली आहेत.

‘प्रमुख पाहुणे: मा. श्री. निवृत्त कर्नल जाधव साहेब (VSM). विशेष उपस्थिती: कॅप्टन शिंदे, मेजर पवार, सह. पो. आयुक्त मोरे.’

जाधवांचं कार्ड मागवलं. त्यावर `Lt Col` होतं, म्हणजे हाक मारायचा हुद्दा लिहिला गेला होता. ‘श्री.’ आणि ‘साहेब’ गेले, पदक नावामागे पूर्ण आलं, ‘निवृत्त’ शेवटी. शिंद्यांचं दल विचारलं तर नौदल, आणि अजून सेवेत. पवारांच्या मुलाने पीपीओचा फोटो पाठवला: हवालदार, मानद नायब सुभेदार. मोऱ्यांच्या कार्यालयात फोन केला, ते सहाय्यक पोलीस आयुक्त.

अक्षरांपुरतं काम संपलं होतं, पण क्रम बिघडलेला होता. नौदलाचा कॅप्टन कर्नलच्या बरोबरीचा, म्हणजे शिंदे हे जाधवांच्या वरचे, आणि फलकावर ते ‘विशेष उपस्थिती’त दुसऱ्या ओळीत. आयोजकाला हे सांगितल्यावर त्याने दोन्ही अधिकाऱ्यांना ‘प्रमुख पाहुणे’ केलं. अंतिम मजकूर:

‘प्रमुख पाहुणे: कॅप्टन शिंदे, भारतीय नौदल, लेफ्टनंट कर्नल जाधव, विशिष्ट सेवा पदक (निवृत्त). विशेष उपस्थिती: मोरे, सहाय्यक पोलीस आयुक्त, मानद नायब सुभेदार पवार (निवृत्त).’

पवारांना ‘मेजर’ काढल्याचं वाईट वाटेल अशी आयोजकाला धास्ती होती. त्यांनी फलकासमोर उभं राहून फोटो काढून घेतला.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

चार प्रसंगांत मी हात वर करतो.

पहिला, दगडावर किंवा पितळेवर कोरायचं असेल. हुतात्मा स्मारक, चौकाचं नाव, समाधी. फ्लेक्स पुन्हा छापता येतो, दगड येत नाही. तिथे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून किंवा त्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडून हुद्दा, पलटणीचं नाव आणि पदक लेखी घ्या. मराठा लाइट इन्फंट्रीच्या माणसासाठी ते बेळगावला. कुटुंबाची आठवण कितीही पक्की असली तरी लेखी उत्तर येईपर्यंत छिन्नी लावू नका.

दुसरा, मंचावर सेवेतले आणि निवृत्त, सैन्यातले आणि पोलिसांतले, शिवाय मंत्री आणि जिल्हाधिकारी असे सगळे एकत्र असतील. बसायचा आणि नावांचा क्रम हा राजशिष्टाचाराचा विषय आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात त्यासाठी माणूस असतो, त्याच्याकडून यादी घ्या आणि ती जशीच्या तशी छापा.

तिसरा, निमलष्करी दलं आणि तटरक्षक दल. तिथे कमांडंट, उपकमांडंट असे हुद्दे असतात, राज्य राखीव दलात समादेशक असतात, आणि ते सैन्याच्या शिडीवर नेमके कुठे येतात हे फलकासाठी ठरवायला जाऊ नका. त्यांच्या कार्यालयाने लिहून दिलं तेच ठेवा.

चौथा, हुद्दा खराच आहे का हीच शंका असेल. कार्ड नाही, पीपीओ नाही, पलटण विचारली की विषय बदलतो, आणि गणवेशात यायचं म्हणतो. लोकसेवक असल्याची बतावणी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 204 खाली गुन्हा आहे. सैनिकाचा गणवेश फसवायला घालणं हा वेगळा गुन्हा. तपास करणं हे छापखान्याचं काम नाही. आयोजकाला शांतपणे सांगा की कागद दिसेपर्यंत नावाआधी ‘श्री.’ एवढंच छापू. त्यावर तो अडून बसला तर काम परत करा आणि त्याला पोलीस ठाण्यात किंवा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करायला पाठवा.